मोहरी बीबी निकालाचा मराठी सारांश: फॅक्ट्स कुठे संपतात आणि रीझनिंग कुठे सुरू होतं?

मृणाल_व्ही
नमस्कार मंडळी. लॉच्या पहिल्या वर्षाला जी मुलं मराठीत पेपर लिहितात त्यांच्यासाठी मी इंग्रजी निकालांचे मराठी सारांश करतेय. सध्या मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हातात आहे, प्रिव्ही कौन्सिल, 1903. निकाल फार लांब नाहीये, पण गोष्ट आणि कोर्टाचं म्हणणं एकमेकांत इतकं मिसळलंय की वेगळं करताना अडकायला होतं. हा एक पॅरा बघा, मुलांना द्यायच्या आधी तुमचं मत हवंय:

"धर्मोदास घोष अज्ञान असताना त्याने 20 जुलै 1895 ला ब्रह्मो दत्त या सावकाराकडे आपली मालमत्ता 20,000 रुपयांसाठी 12 टक्के व्याजाने गहाण ठेवली. सावकाराच्या अॅटर्नीला त्याचं वय माहीत होतं, त्यामुळे करार व्हॉइड ठरला आणि सावकाराला पैसे परत मिळाले नाहीत."

यात फॅक्ट्स आणि रीझनिंग असे दोन भाग कसे पाडायचे? मूळ निकालात "हेल्ड" असं कुठे लिहिलेलंच नाहीये.

प्रसाद_नोट्स
मॅडम, सोपं आहे. पहिल्यांदा जी गोष्ट सांगितलीय, तारखा, माणसं, गहाणखत, ते सगळं फॅक्ट्स. मग कलमं सुरू झाली की रीझनिंग. मी नेहमी असंच करतो, जिथे पहिलं कलम दिसलं तिथे रेघ मारायची, वरचं फॅक्ट्स, खालचं रीझनिंग. फॅक्ट्स पाच ओळींच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, पेपरात मार्क रीझनिंगलाच असतात. आईच्या वकिलाने पाठवलेलं पत्र वगैरे काढून टाका, ती कथा आहे नुसती.

जुना_वकील
प्रसादराव, रेघ मारायची कल्पना सुरुवातीला बरी, पण याच निकालात ती मोडते. आणि पत्र काढू नका हो, अर्धा निकाल त्या पत्रावर उभा आहे.

मृणालताई, तुमच्या पॅऱ्यात एक शब्द आहे जो सगळा घोळ करतोय, "त्यामुळे". अॅटर्नीला वय माहीत होतं त्यामुळे करार व्हॉइड, असं कोर्टाने कुठेच म्हटलेलं नाही. करार व्हॉइड का, तर कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम 10 आणि 11 प्रमाणे अज्ञान माणूस करार करायला पात्रच नाही म्हणून. सावकाराला माहीत असो की नसो, तो मुद्दा तिथे येतच नाही. हा पॅरा मुलांनी पाठ केला तर ती परीक्षेत लिहिणार की समोरच्याला वय माहीत नसेल तर करार चालतो, आणि ते बरोब्बर उलटं आहे.

मग अॅटर्नीच्या माहितीचा उपयोग कुठे झाला? एस्टॉपेलला, म्हणजे स्वतः सांगितलेल्या गोष्टीवरून नंतर उलटता येत नाही या नियमाला. त्यासाठी आधी गोष्ट नीट बघा. ब्रह्मो दत्त तेव्हा कलकत्त्यात नव्हता. सगळा व्यवहार त्याचा अॅटर्नी केदारनाथ मित्तर बघत होता आणि पैशाची व्यवस्था तिथला व्यवस्थापक देदराज करत होता. 15 जुलै 1895 ला, म्हणजे गहाणखताच्या पाच दिवस आधी, धर्मोदासच्या आईतर्फे एका अॅटर्नीचं पत्र केदारनाथला गेलं, की हा मुलगा अजून 21 च्या आत आहे, हायकोर्टाने आईला पालक नेमलंय, जो कोणी त्याला पैसे देईल तो स्वतःच्या जोखमीवर देईल. केदारनाथ म्हणाला मला पत्र मिळालंच नाही. खालच्या दोन्ही कोर्टांनी पुरावा बघून ठरवलं की मिळालं, त्याच्याच हातात मिळालं, आणि प्रिव्ही कौन्सिलने ते मान्य केलं. तरी गहाणखताच्या दिवशी केदारनाथने मुलाकडून एक लेखी डिक्लरेशन घेतलं, की मी 17 जूनला सज्ञान झालो.

म्हणजे पत्र आणि डिक्लरेशन हे दोन्ही कागद फॅक्ट्समधे शेजारी शेजारी ठेवले की मुलाला पुढचं रीझनिंग जवळजवळ आपोआप समजतं.

अबोली
सर मी सेकंड इयरला आहे. 21 का? मेजॉरिटी 18 ना?

जुना_वकील
चांगलं विचारलंस. तेव्हाच्या 1875 च्या मेजॉरिटी अॅक्टप्रमाणे सर्वसाधारण वय 18 च होतं, पण कोर्टाने पालक नेमलेला असेल तर 21. धर्मोदासच्या आईला हायकोर्टाने नेमलं होतं म्हणून 21. सारांशात हे एका वाक्यात यायलाच हवं, नाहीतर वाचणारा 18 धरून चालतो आणि मग ते पत्र त्याला कळतच नाही.

मृणाल_व्ही
हे एकदम पटलं काका. "त्यामुळे" काढतेय. पण मग एक अडचण येते. अॅटर्नीची माहिती हा फॅक्ट एका मुद्द्याला लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही. मग तो पार्श्वभूमीत टाकू की महत्त्वाच्या फॅक्ट्समधे?

जुना_वकील
फॅक्ट मुळातच महत्त्वाचा किंवा बिनमहत्त्वाचा नसतो, कुठल्या प्रश्नासाठी ते विचारायचं. मी ज्युनिअर्सना एकच रीत सांगतो. कोर्टाने सोडवलेला एक प्रश्न घ्या, मग एकेक फॅक्ट मनातल्या मनात बदलून बघा. उत्तर बदललं तर तो फॅक्ट त्या प्रश्नाचा. नाही बदललं तर त्या प्रश्नापुरती ती पार्श्वभूमी.

आता करून बघू. प्रश्न पहिला, करार व्हॉइड का? समजा केदारनाथला पत्र मिळालंच नव्हतं. उत्तर बदललं? नाही, मुलगा अज्ञान तो अज्ञानच. समजा व्याज 12 ऐवजी 6 टक्के. नाही बदललं. समजा धर्मोदास 22 वर्षांचा होता. बदललं. म्हणजे या प्रश्नाला एकच फॅक्ट लागतो, सहीच्या दिवशी तो अज्ञान होता. बाकी सगळी कथा इथे पार्श्वभूमी.

प्रश्न दुसरा, मुलगा स्वतः लिहून देतो की मी सज्ञान आहे, मग नंतर त्याला उलटता येईल का, म्हणजे तेव्हाच्या एव्हिडन्स अॅक्टचं कलम 115. इथे पत्र नव्हतं असं धरून बघा. लगेच सगळं हलतं. कारण कोर्टाचं कारणच असं आहे की खरी परिस्थिती माहीत असलेल्या माणसाला खोटं सांगितलं तर तो फसतच नाही, मग एस्टॉपेल कसलं. आणि ब्रह्मो दत्त स्वतः हजर नव्हता, म्हणून केदारनाथची माहिती ही ब्रह्मो दत्तचीच माहिती धरायची हा एक जोड लागतो. म्हणून तो कलकत्त्यात नव्हता हेसुद्धा इथे महत्त्वाचं झालं, पहिल्या प्रश्नाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

प्रसाद_नोट्स
हे मान्य. पण मग एस्टॉपेलचा रेशो असा लिहू ना, "अज्ञान माणसाविरुद्ध एस्टॉपेल लागू होत नाही"? सगळ्या गाइडांत हेच आहे.

जुना_वकील
नाही. निकाल परत वाचा तो भाग. प्रिव्ही कौन्सिल म्हणतंय की कलम 115 अज्ञान माणसाला लागूच नाही असं खालच्या कोर्टांनी ठरवल्यासारखं दिसतं, पण आम्हाला त्या प्रश्नात आत्ता शिरायची गरज वाटत नाही. त्यांनी तो प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला आणि अरुंद कारणावर निकाल दिला, की इथे समोरच्याला खरं माहीत होतं. सारांश करणारा हे रुंद करून टाकतो आणि मुलं वर्षानुवर्षं तेच लिहितात. पुढे हायकोर्टांनी तसं धरलं, तो नंतरचा भाग, तो या निकालाच्या नावावर टाकू नका.

अबोली
म्हणजे सारांशात "कोर्टाने काय ठरवलं" याच्या खाली "कोर्टाने काय ठरवलं नाही" हे पण लिहायचं?

जुना_वकील
या केसमधे तरी हो. एक ओळ पुरते.

संदीप_के
मंडळी विषय चाललाय म्हणून विचारतो. माझ्या भाच्याने 17 व्या वर्षी दुकानातून हप्त्यावर वस्तू घेतली, फॉर्मवर वय 19 लिहिलं. आता दुकानदार पैसे मागतोय. या केसप्रमाणे करार व्हॉइड म्हणजे एक पैसा द्यायचा नाही ना? वस्तू वापरतोय अजून तो.

जुना_वकील
संदीपभाऊ, इथे धागा सारांश कसा करायचा याचा आहे, तुमच्या भाच्याचे कागद घेऊन एखाद्या वकिलाला भेटा, फोरमवर त्याचं उत्तर मिळणार नाही. पण तुम्ही जे केलंत ते सगळ्यांनी नीट बघा. मोहरी बीबीत पैसे देणाऱ्याला वय माहीत होतं. तुमच्या दुकानदाराला बहुतेक नव्हतं. करार व्हॉइड हा भाग तुमच्याकडेही तसाच लागेल, पण "म्हणून काहीच परत करायचं नाही" हा भाग तसाच उचलून आणता येत नाही, कारण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि त्याला वेगळे फॅक्ट्स लागतात. वस्तू अजून त्याच्याकडे आहे, हेही लक्षात घ्या.

संदीप_के
ओके सर. वकिलाला भेटतो. पण गाइडात तर सरळ लिहिलंय की अज्ञान माणसाकडून काही वसूल होत नाही.

मृणाल_व्ही
संदीपदादा बरं झालं लिहिलंत, मला आता पैसे परत करण्याचा भाग नीट वेगळा करायचाय. काका, तिथे मी असं लिहिलंय, बघा:

"अपिलार्थीचं म्हणणं: करार व्हॉइडेबल आहे, तो मोडला म्हणून कलम 64 प्रमाणे फायदा परत द्यावा, निदान कलम 65 प्रमाणे तरी. प्रिव्ही कौन्सिलचं उत्तर: ही दोन्ही कलमं पात्र माणसांमधे झालेला करार गृहीत धरतात. इथे कराराच्या पात्रतेचाच अभाव आहे, त्यामुळे व्हॉइड की व्हॉइडेबल हा प्रश्नच अज्ञान माणसाच्या बाबतीत उभा राहत नाही."

जुना_वकील
सुरेख. आणि "अपिलार्थीचं म्हणणं" आणि "प्रिव्ही कौन्सिलचं उत्तर" असं प्रत्येक वेळी नाव घालून लिहिताय ते सोडू नका. इंग्रजी निकालात वकिलाचा युक्तिवाद न्यायाधीशच त्यांच्या शब्दांत सांगतात, तीन-चार वाक्यं सलग, आणि वाचणाऱ्याला वाटतं कोर्टच बोलतंय. मराठीत आपण "असे म्हणण्यात आले", "असे दिसून येते" असं लिहितो तेव्हा कोण म्हणालं तेच गायब होतं. या निकालात चार आवाज आहेत, ट्रायल जज जेंकिन्स, कलकत्त्याचं अपील कोर्ट, अपिलार्थीचे वकील आणि सर फोर्ड नॉर्थ, ज्यांनी 4 मार्च 1903 ला प्रिव्ही कौन्सिलचा निकाल दिला. प्रत्येक वाक्याला यातला एक मालक असलाच पाहिजे.

पक्षकारांचंही तसंच. खालच्या कोर्टात वादी धर्मोदास, आईमार्फत, आणि प्रतिवादी ब्रह्मो दत्त. अपील चालू असताना ब्रह्मो दत्त वारला आणि मोहरी बीबी त्याच्या जागी आली, ती व्यवहारात कुठेच नव्हती. वरच्या कोर्टात धर्मोदास प्रतिवादी झाला. सारांशात वादी-प्रतिवादी लिहिलंत तर मुलं मधेच उलटी होतात, त्यापेक्षा माणसांची नावंच लिहा.

शिरीष_दा
मला एक आक्षेप आहे. तुम्ही 20,000 रुपये फॅक्ट्समधे ठेवलेत. पण प्रत्यक्षात तेवढे दिले गेले नव्हते. काही पुस्तकांत वेगळेच आकडे असतात. मग कोणता आकडा द्यायचा?

मृणाल_व्ही
मी मूळ निकाल परत काढून बघितला, तिथे एवढंच आहे की गहाणखत 20,000 साठी होतं आणि प्रत्यक्ष किती दिले यावर वाद आहे. मी तसंच लिहिते, गहाणखतातली रक्कम 20,000, प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर वाद.

शिरीष_दा
मग तो आकडा टाकायचाच कशाला? फॅक्ट बदलून बघायची रीत लावली तर कुठल्याच प्रश्नाला रक्कम लागत नाही. काढून टाका.

प्रसाद_नोट्स
आकडा पाहिजेच. परीक्षक आकडा बघतात.

जुना_वकील
मी शिरीषच्या जवळ आहे पण पूर्ण नाही. रक्कम निकालाला लागत नाही हे खरं. पण गोष्ट कळायला थोडी हाडं लागतात, किती मोठा व्यवहार होता ते कळलं की सावकार इतका का लढला ते कळतं. मी पार्श्वभूमीत ठेवीन, पण अशा जागी जिथे मुलाला कळेल की यावर काही ठरलेलं नाहीये.

शिरीष_दा
नाही पटलं, पण ठीक.

अबोली
सर मला ते कलम 41 चं समजलं नाही. स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट 1877. तिथे कोर्टाला म्हणे भरपाई द्यायला लावता येते. मग दिली का नाही?

जुना_वकील
हाच सगळ्यात बारीक भाग. कलम 41 मधे दस्तऐवज रद्द करताना कोर्ट ज्याच्या बाजूने रद्द करतंय त्याला दुसऱ्या पक्षाला न्यायाला धरून भरपाई द्यायला सांगू शकतं. सांगू शकतं, सांगायलाच हवं असं नाही. खालच्या दोन्ही कोर्टांनी तो विवेकाधिकार वापरून ठरवलं की या परिस्थितीत पैसे परत करायला लावणं न्यायाला धरून नाही, आणि त्यांच्या शब्दांत एक तुकडा आहे जो सारांशात सुटतो: पैसे त्याच्या अज्ञानत्वाची पूर्ण माहिती असताना दिले होते. प्रिव्ही कौन्सिलने एवढंच म्हटलं की या वापरलेल्या अधिकारात ढवळाढवळ करायचं कारण दिसत नाही.

आता फॅक्ट बदला. केदारनाथला पत्र मिळालंच नव्हतं, मुलाने खरंच फसवलं. करार तरी व्हॉइडच. पण कलम 41 चं उत्तर तेच राहिलं असतं का? सांगता येत नाही, म्हणजे तोच फॅक्ट इथे परत जिवंत झाला. म्हणून मी म्हणतो पत्र फॅक्ट्समधे एकदाच लिहा, पण रीझनिंगमधे जिथे जिथे लागतं तिथे नुसता हात दाखवा, "पत्राची माहिती असल्याने" एवढं, परत कथा सांगत बसू नका.

मृणाल_व्ही
म्हणजे संदीपदादांचा प्रश्न इथेच येतो.

जुना_वकील
हो ना. 1928 मधे लाहोर हायकोर्टाच्या फुल बेंचने खान गुल विरुद्ध लाखा सिंगमधे म्हटलं की अज्ञान मुलाने वय खोटं सांगून फायदा घेतला असेल तर न्यायासाठी तो परत करायला लावता येतो. 1937 मधे अलाहाबादच्या फुल बेंचने ते मानलं नाही. आता 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अॅक्टचं कलम 33 आहे, त्यात अज्ञान प्रतिवादी बचावाला उभा राहिला तरी त्याला मिळालेला फायदा परत करायला लावता येतो, जेवढा फायदा तेवढाच. हे सगळं सारांशाच्या शेवटी "नंतर काय झालं" म्हणून वेगळं. निकालाच्या आत घुसडू नका.

प्रसाद_नोट्स
मग एव्हिडन्स अॅक्टचं कलम 115 पण बदललं ना? आता भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, कलम 121.

जुना_वकील
बरोबर, 1 जुलै 2024 पासून. तेही तिथेच, "नंतर काय झालं" मधे. निकालाच्या भागात 115 च राहू द्या, कोर्टाने 115 च वाचलं होतं.

अबोली
सर इक्विटीचा मुद्दा पण होता ना शेवटी? "न्याय मागणाऱ्याने न्याय करावा" असा?

जुना_वकील
होता. त्याला त्यांनी इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलचा थर्स्टन खटल्यातला 1902 चा विचार वापरून उत्तर दिलं, की ज्या व्यवहाराला कायद्यानेच त्या माणसाविरुद्ध व्हॉइड ठरवलंय त्यासाठी पैसे भरायला लावणं न्याय्य आहे असं इक्विटीचं कोर्ट म्हणू शकत नाही. सारांशात दोन वाक्यं, बास.

मृणाल_व्ही
तर असं करतेय. वरती पार्श्वभूमी, नावांनी, पत्र आणि डिक्लरेशन तारखांसकट. मग चार प्रश्न, व्हॉइड का, एस्टॉपेल, 64-65, आणि पैसे परत. प्रत्येकाखाली आधी अपिलार्थीचं म्हणणं मग प्रिव्ही कौन्सिलचं कारण, आणि कुठला फॅक्ट त्याला लागला तो एका ओळीत. एस्टॉपेलखाली "हा प्रश्न उघडा ठेवला" ही ओळ. पहिला पॅरा असा झाला:

"20 जुलै 1895 ला धर्मोदास घोषने ब्रह्मो दत्तला 20,000 रुपयांसाठी गहाणखत लिहून दिलं, प्रत्यक्ष किती दिले यावर वाद आहे. पाच दिवस आधी ब्रह्मो दत्तचा अॅटर्नी केदारनाथला पत्राने कळवलं होतं की धर्मोदास 21 च्या आत आहे. तरी केदारनाथने त्याच्याकडून सज्ञान असल्याचं डिक्लरेशन घेतलं. 10 सप्टेंबर 1895 ला आईने त्याच्या वतीने गहाणखत रद्द करण्याचा दावा लावला."

शिरीष_दा
या पॅऱ्यात "तरी" आहे. तो शब्द केदारनाथला दोषी ठरवतोय, ते तर रीझनिंग झालं.

जुना_वकील
तारखांचा क्रमच ते सांगतो, मी "तरी" काढीन.

प्रसाद_नोट्स
मी ठेवीन. नाहीतर पत्र आणि डिक्लरेशन जोडून मुलांच्या लक्षातच येणार नाही.

मृणाल_व्ही
"त्याच दिवशी केदारनाथने" असं करू का? तारीख पण येते आणि ठपका पण नाही.

शिरीष_दा
हे चालेल. पण मग "20 जुलै" आधी लिहिलंय, पत्र नंतर, वाचणारा परत मागे जाणार. पत्र वर घ्या, मग गहाणखत, मग त्याच दिवशी डिक्लरेशन.